एसी लागला की दिवे का मंदावतात? दोष घरातला की खांबावरचा

उन्हाळ्यात वायरमनच्या कानावर हमखास पडणारी एक तक्रार आहे: ‘एसीचा कॉम्प्रेसर लागला की घरातली लाईट क्षणभर खाली येते.’ वायरमन येतो, बोर्ड न उघडताच ‘लाईन वीक आहे, महावितरणला सांगा’ म्हणतो आणि जातो. महावितरणचा माणूस येतो, मीटरवर व्होल्टेज बघतो, ‘सप्लाय बरोबर आहे, तुमच्याच घरात फॉल्ट आहे’ म्हणतो आणि तोही जातो. दोघांपैकी कोणीतरी बरोबर असतो. कधी दोघेही अर्धे बरोबर असतात. घरमालक मात्र या टोलवाटोलवीला कंटाळून दुकानातून एक स्टॅबिलायझर घेऊन येतो, आणि दिवे पूर्वीसारखेच मंदावत राहतात.

या प्रश्नाचा निवाडा अंदाजाने करायची गरज नसते. दोष मीटरच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे दोन आकड्यांवरून ठरवता येते. त्यासाठी आधी त्या अर्ध्या सेकंदात नेमके काय होते ते समजून घ्यावे लागते.

सुरू होतानाचा झटका

साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला दीड टनाचा एसी चालू असताना साधारण 7 ते 8 अँपिअर वीज घेतो. पण त्याचा कॉम्प्रेसर बंद अवस्थेतून फिरायला लागतो तेव्हा पहिला काही काळ हाच आकडा 35 ते 40 अँपिअरपर्यंत जातो. मोटर फिरत असते तेव्हा तिच्या आत येणाऱ्या विजेला विरोध करणारे व्होल्टेज तयार होत असते आणि त्यामुळे प्रवाह आटोक्यात राहतो. मोटर थांबलेली असताना हा विरोध नसतो. म्हणून वेग धरेपर्यंत ती चौपट-पाचपट प्रवाह ओढते. कॉम्प्रेसर ठणठणीत असेल तर हा झटका सेकंदाच्या दोन-तीन दशांशांत संपतो.

हा प्रवाह रोहित्रापासून, म्हणजे बोलीतल्या ‘डीपी’पासून, खांबावरच्या तारा, खांबावरून घरात आलेली सर्व्हिस वायर, मीटर, मेन स्विच, वितरण पेटी आणि शेवटी एसीच्या पॉइंटपर्यंतची वायर एवढा रस्ता कापून येतो आणि न्यूट्रलच्या तारेने तेवढाच रस्ता परत जातो. या रस्त्यावरची प्रत्येक तार आणि प्रत्येक जोड थोडा रोध करतो. रोध गुणिले प्रवाह म्हणजे त्या ठिकाणी हरवलेले व्होल्टेज. प्रवाह पाचपट झाला की हरवणारे व्होल्टेजही पाचपट होते. एसी नुसता चालू असताना 4 व्होल्टची घट कोणाच्या लक्षात येत नाही. सुरू होताना तीच 20 व्होल्ट होते आणि डोळ्यांना दिसते.

किती दिसते हे दिव्यावर अवलंबून असते. जुन्या तारेच्या बल्बचे व्होल्टेज 10 टक्क्यांनी घटले तर उजेड सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. स्वस्तातले काही एलईडी दिवेही व्होल्टेजबरोबर खालीवर होतात. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी मात्र व्होल्टेज बरेच खाली आले तरी त्याच उजेडाने जळत राहतो. त्यामुळे ‘हॉलमधली लाईट मंदावते, बेडरूममधली नाही’ असे कोणी म्हणाले तर आधी दोन्ही खोल्यांत एकाच कंपनीचा, एकाच प्रकारचा दिवा आहे का ते पाहावे. नाहीतर दिव्यांमधला फरक वायरिंगचा दोष वाटतो.

इन्व्हर्टर एसीची गोष्ट वेगळी आहे. त्याचा कॉम्प्रेसर कमी वेगाने सुरू होऊन हळूहळू वेग घेतो, त्यामुळे हा झटका जवळजवळ नसतो. इन्व्हर्टर एसी असलेल्या घरात दिवे ठळकपणे मंदावत असतील, तर ‘एसी लागला की होणारच’ हे उत्तर तिथे चालत नाही.

सामायिक रस्त्याचा नियम

दोष शोधण्याची गुरुकिल्ली एका साध्या गोष्टीत आहे. दिव्याला फक्त तेवढीच घट जाणवते, जी दिवा आणि एसी या दोघांच्या सामायिक रस्त्यावर होते. वितरण पेटीपासून एसीपर्यंत स्वतंत्र वायर गेली असेल, तर त्या वायरीत कितीही व्होल्टेज हरवले तरी हॉलमधल्या दिव्याला त्याचा पत्ता लागत नाही. त्या घटीचा त्रास एकट्या एसीला होतो.

यावरून पहिली छाननी कोणत्याही उपकरणाशिवाय होते. फक्त एसीच्याच खोलीतले दिवे मंदावत असतील आणि बाकी घर स्थिर असेल, तर एसी आणि त्या खोलीचे दिवे एकाच एमसीबीवर किंवा एकाच वायरीवर आहेत. जुन्या घरांत एसी नंतर बसवताना जवळच्या प्लग पॉइंटवरून वायर ओढून घेतलेली असते, तिथे हे हटकून दिसते. इथे महावितरणचा काही संबंध नाही. एसीसाठी पेटीतून वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी टाकला की प्रश्न मिटतो.

सगळ्या घरातले दिवे एकदम मंदावत असतील, तर दोष वितरण पेटीच्या मागे, म्हणजे पेटी, मेन स्विच, मीटर किंवा त्यापलीकडे आहे. अशा वेळी शेजाऱ्याची मदत घ्यावी. त्याच खांबावरून वीज घेणाऱ्या शेजाऱ्याला फोन करून सांगायचे, ‘मी आता एसी चालू करतो, तुमच्याकडची लाईट हलते का बघा.’ थर्मोस्टॅटमुळे कॉम्प्रेसर थोड्या थोड्या वेळाने लागतच असतो, तेव्हा दोन-तीनदा खात्री करता येते. शेजाऱ्याकडचे दिवेही त्याच क्षणी मंदावले, तर सामायिक रस्ता म्हणजे खांबावरची लाईन किंवा रोहित्र. शेजारी शांत असेल, तर संशय आपली सर्व्हिस वायर, मीटरजवळचे जोड आणि घरातले वायरिंग एवढ्यावर येऊन थांबतो.

याच्या उलट परीक्षाही उपयोगी पडते. आपला एसी बंद असताना आपले दिवे अधूनमधून मंदावतात का? तसे होत असेल तर तो झटका शेजारच्या एसीचा, पिठाच्या गिरणीचा किंवा बोअरच्या पंपाचा असू शकतो, आणि मग लाईन अशक्त असल्याचा तो चांगला पुरावा ठरतो.

वेळही बरेच काही सांगते. संध्याकाळी सात ते अकरामध्येच त्रास होतो आणि पहाटे पाचला काहीच होत नाही, तर संशय पुरवठ्यावर जातो, कारण वस्तीतले सगळे एसी आणि कूलर त्याच वेळी चालू असतात. पहाटेही तितकेच दिवे मंदावत असतील तर संशय जवळच्या रस्त्यावर, म्हणजे बहुधा आपल्याच घरावर येतो.

दोन आकडे

आता मोजमाप. कॉम्प्रेसरचा झटका इतका लहान असतो की साधा मल्टीमीटर तो नीट पकडत नाही. त्याऐवजी गीझर वापरावा. 2000 वॉटचा गीझर सुमारे साडेआठ अँपिअर घेतो आणि चालू असेपर्यंत तेवढेच घेत राहतो, त्यामुळे आकडा स्थिर वाचता येतो.

बाजारात प्लगमध्ये खोचायचा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो. तो गीझरपेक्षा वेगळ्या एमसीबीवरच्या सॉकेटमध्ये लावावा आणि त्या एमसीबीवर दुसरे काहीही चालू ठेवू नये. त्या वायरीतून प्रवाहच वाहत नसल्याने तिच्यात व्होल्टेज हरवत नाही, म्हणून सॉकेटवर दिसणारा आकडा म्हणजे वितरण पेटीतला आकडा असतो. पेटी न उघडता पेटीतले व्होल्टेज वाचता येते, ते असे.

घरातले सगळे मोठे लोड बंद करून पहिला आकडा लिहावा. गीझर चालू करून दुसरा लिहावा. बाहेरचे व्होल्टेजही सारखे थोडे हलत असते, म्हणून चालू-बंद असे चार-पाच वेळा करून सरासरी घ्यावी. हे सगळे एकदा पहाटे आणि एकदा रात्री नऊच्या सुमारास करावे.

पहिला आकडा, म्हणजे लोड नसतानाचे व्होल्टेज, पुरवठ्याविषयी सांगतो. आपल्याकडे घरगुती पुरवठ्याचे ठरलेले व्होल्टेज 230 आहे आणि त्यात 6 टक्के वरखाली चालते, म्हणजे साधारण 216 ते 244. आपल्या घरात काहीच चालू नसताना रात्री 205 दिसत असेल, तर आपल्या वायरिंगचा त्यात काही वाटा नाही. जिथे प्रवाह नाही तिथे घट नाही.

दुसरा आकडा म्हणजे गीझर लावल्यावर झालेली घट. ती रोहित्रापासून पेटीपर्यंतच्या रस्त्याविषयी सांगते. घटीला प्रवाहाने भागले की त्या रस्त्याचा रोध ओहममध्ये मिळतो. घरगुती उपकरणांच्या चाचणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात पुरवठ्याच्या फेज-न्यूट्रल रस्त्याचा रोध 0.4 ओहम धरलेला आहे. त्या हिशेबाने साडेआठ अँपिअरला सुमारे साडेतीन व्होल्टची घट सामान्य समजावी. घरातल्या मुख्य वायरीचा एक-दीड व्होल्ट त्यात मिळवला तर पाचच्या आसपास. आठ, दहा, बारा व्होल्ट पडत असतील तर वाटेत कुठेतरी गडबड आहे.

नागपूरच्या घराचा हिशेब

हे प्रत्यक्षात कसे उलगडते, ते नागपूरच्या एखाद्या जुन्या वस्तीतल्या नमुन्याच्या दोन मजली घरावर पाहू. घर बांधले तेव्हा उन्हाळा डेझर्ट कूलरवर निघत असे. खस लावलेला कूलर दोनशे-अडीचशे वॉटवर चालतो, त्यामुळे वायरिंगची कधी परीक्षाच झाली नाही. नंतर वरच्या मजल्यावर दीड टनाचा एसी आला. मीटर खाली व्हरांड्यात, त्याशेजारी जुना किटकॅट फ्यूजचा मेन स्विच, आणि तिथून 18 मीटरवर वरच्या मजल्यावरची वितरण पेटी. मधली वायर तांब्याची, 4 चौरस मिलिमीटरची. कॉम्प्रेसर लागला की सगळ्या घरातले दिवे मंदावतात, शेजाऱ्याकडचे नाही.

पहाटे पेटीजवळ लोड नसताना 234 व्होल्ट दिसतात आणि गीझर लावल्यावर 225. घट 9 व्होल्ट. रात्री नऊला लोड नसताना 222 आणि गीझर लावल्यावर 213 ते 214. म्हणजे पुरवठा रात्री 12 व्होल्टने उतरला, तरी तो 216 च्या वरच आहे. घट मात्र पहाटे जेवढी तेवढीच रात्री आहे. रात्रीचा उतार वस्तीचा आहे. 9 व्होल्टची घट या घराच्या रस्त्यावरची आहे. इथवर एकही स्क्रू उघडलेला नाही.

यापुढचे काम परवानाधारक वायरमनचे. मीटरला आणि त्याच्या सीलला हात न लावता तो मेन स्विचच्या आत, मीटरकडून येणाऱ्या तारांवर मोजतो. तिथे गीझरमुळे होणारी घट फक्त साडेतीन व्होल्ट निघते. भागाकार केला तर 0.41 ओहम. याचा अर्थ रोहित्रापासून मीटरपर्यंतचा रस्ता ठीक आहे आणि महावितरणचा माणूस खरे बोलत होता. उरलेले साडेपाच व्होल्ट मेन स्विच आणि वरची पेटी यांच्या दरम्यान हरवतात.

आता त्या वायरीत किती हरवायला हवेत, याचा हिशेब तक्त्यावरून करता येतो. 4 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला 4.61 ओहम असतो. जायची 18 आणि यायची 18 अशी 36 मीटर तार म्हणजे 0.17 ओहम, साडेआठ अँपिअरला जेमतेम दीड व्होल्ट. मग उरलेले चार व्होल्ट तारेत नाहीत, ते एखाद्या जोडात आहेत.

जोड शोधायची युक्ती सोपी आहे. गीझर चालू ठेवून मल्टीमीटरचे एक टोक तारेच्या उघड्या तांब्यावर आणि दुसरे टोक ती तार ज्या पितळी टर्मिनलमध्ये घट्ट केली आहे त्या टर्मिनलवर ठेवायचे. चांगल्या जोडावर आकडा जवळपास शून्य येतो. फेजच्या बाजूला तसाच येतो. न्यूट्रलच्या टर्मिनलवर मात्र चार व्होल्ट दिसतात. तिथला स्क्रू ढिला, तार काळी पडलेली, तिच्यावरचे प्लॅस्टिक दोन-तीन सेंटिमीटर कडक होऊन तपकिरी झालेले. ही मोजणी चालू विजेवर करावी लागते. घरमालकाने तिच्या वाटेला जाऊ नये.

चार व्होल्ट आणि साडेआठ अँपिअर म्हणजे त्या एका स्क्रूखाली सुमारे 35 वॉटची उष्णता. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच वॉटचा असतो, आणि इथे तो लाकडी फळीवर, बंद डब्यात, तासन्‌तास चालू आहे. फ्यूज उडत नाही आणि एमसीबी पडत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. गळतीवर पडणारा आरसीसीबीही पडत नाही, कारण गळती नाही. ढिल्या जोडाची खबर देणारे घरात एकच असते, ते म्हणजे मंदावणारा दिवा.

कॉम्प्रेसरच्या 35 अँपिअरला या घरात ढोबळमानाने 37 व्होल्ट हरवत होते. रात्रीचे 222 क्षणभर 185 वर येत होते. तारेच्या बल्बचा उजेड तेवढ्यात जवळजवळ अर्धा होतो. जळके टोक कापून, नवे तांबे सोलून, टर्मिनल बदलून घट्ट केल्यावर रस्त्याचा एकूण रोध 0.58 ओहमवर येतो आणि झटक्याची घट 20 व्होल्टवर. दिवा अजूनही किंचित हलतो, पण ते आता दोषाचे लक्षण नाही. एवढे हलणे नको असेल तर इन्व्हर्टर एसी हाच उपाय.

ढिला जोड आणि बारीक तार

याच आकड्यांनी वेगळी गोष्टही सांगितली असती. शहरातल्या जुन्या इमारतीत सातव्या मजल्यावरचा फ्लॅट घ्या. मीटर तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये आणि तिथून वर आलेली वायर अडीच चौरस मिलिमीटरची, 30 मीटर लांब. सगळे जोड अगदी घट्ट असले तरी या वायरीचा येण्याजाण्याचा रोध 0.44 ओहम भरतो, आणि कॉम्प्रेसरच्या झटक्याला एकट्या तिच्यात पंधरा-सोळा व्होल्ट जातात. इथे दोष जोडाचा नाही, वायर बारीक आहे. तिच्या जागी 10 चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर तीच घट चारच्या खाली येते.

दोन्हीतला फरक वागणुकीवरून ओळखू येतो. बारीक तार इमानदार असते. दर वेळी तेवढीच घट देते. ढिला जोड लहरी असतो. गरम झाला की बिघडतो, थंड झाला की सुधारतो, पावसाळी दमट हवेत वेगळा वागतो. एसी सुरू होऊन गेल्यावरही दिवे मधूनच थरथरत असतील, दरवाजा आपटल्यावर लाईट हलत असेल, बोर्डातून बारीक चरचर ऐकू येत असेल किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास येत असेल, तर तो जोडच समजावा. ॲल्युमिनियम आणि तांबे एकत्र पिळून वर नुसती टेप गुंडाळलेले जोड याला विशेष बळी पडतात, कारण ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो आणि दाबाखाली ते हळूहळू सैल होते. तिथे दोन्ही धातूंसाठी बनवलेला बायमेटॅलिक लग लागतो.

फ्लॅटमध्ये आणखी एक अडचण असते. मीटरपासून वर येणारी वायर आणि मीटर रूममधली पेटी महावितरणची नसते, आणि ती आपल्या दाराबाहेर असल्यामुळे रहिवाशांना आपलीही वाटत नाही. सोसायटीने ती वर्षानुवर्षे उघडलेली नसते. तक्रार दोन्हीकडून परत येते ती बऱ्याचदा याच टप्प्यामुळे.

जेव्हा पुरवठाच अशक्त असतो

आता नागपूरच्याच घरात आकडे उलटे आले असते तर? मीटरकडून येणाऱ्या तारांवरच 9 पैकी 8 व्होल्टची घट दिसली असती, तर घरातला एकही स्क्रू आवळून उपयोग नव्हता. शेजारी शांत असेल तर खांबावर आपली सर्व्हिस वायर जिथे लाईनला जोडली आहे तो जोड गंजला असण्याची शक्यता मोठी. शेजारीही मंदावत असेल तर लाईन लांब आणि बारीक आहे, किंवा रोहित्रावर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त लोड आहे, किंवा तीन फेजपैकी एकाच फेजवर जास्त घरे जोडली गेली आहेत.

यातल्या प्रत्येकाला महावितरणकडे उपाय आहे. जोड नवा करणे हे लाईनमनचे थोड्या वेळाचे काम. काही घरे दुसऱ्या फेजवर नेऊन भार समान करता येतो. सगळ्याच वस्तीत व्होल्टेज कायम कमी असेल तर रोहित्राचा टॅप बदलून ते थोडे वर उचलता येते. त्यासाठी रोहित्र काही वेळ बंद ठेवावे लागते. रोहित्रच कमी पडत असेल तर मोठे बसवणे हा लांबचा पण खरा उपाय. 1912 या क्रमांकावर तक्रार करताना ‘लाईट डिम होते’ एवढेच सांगण्यापेक्षा ‘मेन स्विच बंद असताना रात्री नऊला 205 व्होल्ट, पहाटे 228, सलग पाच दिवसांची नोंद आहे, शेजारच्या तीन घरांतही तसेच’ असे सांगितले, तर दखल वेगळी घेतली जाते. तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो, तोही एकदा पाहावा. एसी आल्यानंतर तो वाढवून घेतलेला नसेल तर आधी तेच काम करावे, कारण वस्तीतल्या रोहित्राची क्षमता कागदावरच्या भारावरून ठरते.

स्टॅबिलायझरने यातले काहीच सुटत नाही. तो फक्त त्याच्यापुढे जोडलेल्या एसीचे व्होल्टेज उचलतो, दिव्यांचे नाही. शिवाय 170 व्होल्टचे 230 करायचे तर त्याला लाईनमधून सुमारे 35 टक्के जास्त प्रवाह ओढावा लागतो. रस्त्यावर ढिला जोड असेल तर तो त्याने आणखी तापतो आणि दिवे आणखी मंदावतात.

कधी वायरिंगही निर्दोष असते आणि पुरवठाही. मग पाहायचे ते एसीकडे. मंदावणे क्षणाचे न राहता दोन-तीन सेकंद टिकते, बाहेरच्या युनिटमधून नुसती घुंऽऽ अशी घरघर येते, मग ‘टक्’ असा आवाज होऊन सगळे शांत होते आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच, असे होत असेल तर कॉम्प्रेसर फिरतच नाही. सुरू होतानाचा जबर प्रवाह घेत तो अडकून राहतो आणि आतला संरक्षक स्विच त्याला तोडतो. बहुतेक वेळा कारण थकलेला कपॅसिटर असतो. तो मेकॅनिक मोजून बदलतो आणि तो कॉम्प्रेसरच्या तुलनेत अगदी स्वस्त असतो. तसेच एसी बंद करून लगेच चालू केला तर आतल्या वायूचा दाब समतोल झालेला नसतो आणि मोटरला जास्त जोर लावावा लागतो. मध्ये किमान तीन मिनिटे जाऊ द्यावीत.

शेवटी एक लक्षण असे आहे, जे दिसल्यावर आकडे लिहीत बसू नये. एसी लागला की काही दिवे मंदावतात आणि काही दिवे उलट जास्त प्रखर होतात, किंवा पंखा एकाएकी जोरात फिरू लागतो. हे न्यूट्रल तुटत आल्याचे चिन्ह आहे. तीन फेजच्या घरात किंवा खांबाकडची न्यूट्रल सुटलेल्या गल्लीत 230 च्या ठिकाणी 400 च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकते आणि टीव्ही, फ्रिज, दिवे एका क्षणात जळू शकतात. असे दिसताच मेन स्विच बंद करावा, शेजाऱ्यांनाही सांगावे आणि महावितरणला तातडीने कळवावे. बाकी सगळ्या प्रकारांत आधी दोन आकडे मोजावेत आणि मग कोणाला फोन करायचा ते ठरवावे. मेन स्विच आणि पेटीतले स्क्रू वायरमनकडून फेब्रुवारीतच तपासून घेतले, तर एप्रिलमध्ये हा फोन करायची वेळ बऱ्याच घरांत येणार नाही.